सव्वापाच मीटरची गल्ली आणि तिचे १३२३ पोल: साध्या इकोमागचा कॉम्ब फिल्टर

गिरगावात दोन चाळींच्या मधून जाणारी अरुंद गल्ली घ्या. दोन्ही बाजूंना सरळ, गुळगुळीत गिलाव्याच्या भिंती, मध्ये अंतर साधारण सव्वापाच मीटर. दुपारी वर्दळ नसताना एका भिंतीला पाठ लावून जोरात टाळी वाजवली, तर एक टाळी ऐकू येत नाही. 'टर्रर्र' असा बारीक खडखडाट येतो आणि विरतो. टाळीचा आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन परत येतो, आपल्या पाठीमागच्या भिंतीवर आपटून पुन्हा समोर जातो, पुन्हा येतो. जाऊन-येऊन साडेदहा मीटर. मुंबईच्या उकाड्यात आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे एक फेरी ३० मिलिसेकंदांची.

मंडळाच्या मिक्सरवर 'इको' नावाचं बटण असतं, त्याच्या मुळाशी हीच गल्ली आहे. फक्त भिंतींऐवजी मेमरी असते. आलेला आवाज साठवायचा, ३० मिलिसेकंदांनी थोडा बारीक करून नव्या आवाजात मिसळायचा, आणि ती बेरीज पुन्हा साठवायची. गणितात हे एका ओळीत मावतं:

y[n] = x[n] + g · y[n − D]

x म्हणजे आत येणारा आवाज, y म्हणजे बाहेर जाणारा. D म्हणजे किती नमुने मागे वळून पाहायचं, आणि g म्हणजे दर फेरीत आवाजाचा किती भाग शिल्लक राहतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर ३० मिलिसेकंदांत १३२३ नमुने येतात. कोडही तेवढाच छोटा:

```python
def comb(x, D, g):
    buf = [0.0] * D
    i = 0
    y = []
    for s in x:
        out = s + g * buf[i]
        buf[i] = out
        i = (i + 1) % D
        y.append(out)
    return y
```

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. `buf` मध्ये `s` नाही, `out` जातो. मूळ आवाज साठवला असता तर एकच इको आला असता आणि विषय संपला असता. बेरीज साठवल्यामुळे इकोचा इको, त्याचाही इको अशी साखळी चालू राहते. फीडबॅक म्हणतात तो हाच.

गल्लीसाठी g = ०.७ धरू. टाळीची उंची १ असेल तर ३० मिलिसेकंदांनी ०.७, ६० ला ०.४९, ९० ला ०.३४, १२० ला ०.२४. दर फेरीत आवाज साधारण ३.१ डेसिबलने उतरतो. आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ हे घुमण्याचं नेहमीचं माप. इथे ६० भागिले ३.१, म्हणजे एकोणीस-वीस फेऱ्या, म्हणजे ०.५८ सेकंद. गल्लीला वर छप्पर नसल्यामुळे खरा आवाज आकाशाकडेही निसटतो, पण अंदाज म्हणून आकडा ठीक आहे.

आतापर्यंत टाळीबद्दल बोललो. आता टाळीऐवजी एकच लांब सूर सोडला तर काय होतं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. १०० हर्ट्झचा सूर ३० मिलिसेकंदांत बरोबर तीन आवर्तनं पूर्ण करतो. म्हणजे फेरी मारून परत आलेली लाट नव्याने निघणाऱ्या लाटेच्या पावलात पाऊल टाकूनच येते. दोघींची बेरीज होते, मग तिसरीची, चौथीची: १ + ०.७ + ०.४९ + … असं करत शेवटी 1/(1 − 0.7), म्हणजे ३.३३ पट. आता ११६.६७ हर्ट्झ घ्या. हा सूर ३० मिलिसेकंदांत साडेतीन आवर्तनं करतो, त्यामुळे परतलेली लाट नेमकी उलटी असते. १ − ०.७ + ०.४९ − … याची बेरीज 1/(1 + 0.7), म्हणजे ०.५९ पट. म्हणजे दोन सुरांमध्ये जेमतेम सतरा हर्ट्झचं अंतर, पण आवाजात पंधरा डेसिबलचा फरक.

जे १०० हर्ट्झला झालं तेच १३३.३ ला, १६६.७ ला, आणि असंच दर ३३.३ हर्ट्झवर. आलेख काढला तर सारख्या अंतरावर सारख्या उंचीचे दाते दिसतात. कॉम्ब फिल्टर हे नाव त्यावरूनच पडलं.

आता वर्तुळ. सिग्नल प्रोसेसिंगच्या पुस्तकात या टप्प्यावर z येतो आणि बरेच जण पुस्तक मिटतात. त्यामुळे आधी चित्र पाहू. कागदावर १ त्रिज्येचं वर्तुळ काढा. उजवीकडच्या टोकापासून घड्याळाच्या उलट दिशेने फिरत गेलं की वारंवारता वाढत जाते. उजवं टोक म्हणजे ० हर्ट्झ, पूर्ण फेरा म्हणजे नमुने घेण्याचा दर, आणि अगदी डावीकडचं टोक म्हणजे त्या दराचा अर्धा भाग. त्याच्यापलीकडे डिजिटल आवाजात काही नसतं. वर्तुळाचा खालचा अर्धा भाग वरच्याचं प्रतिबिंब असतो. फिल्टरचे पोल म्हणजे या कागदावरचे असे बिंदू, जिथे फिल्टरला स्वतःहून घुमत राहायला आवडतं. बिंदूचा कोन सांगतो की घुमणं कुठल्या सुरात, आणि केंद्रापासूनचं अंतर सांगतं की ते किती रेंगाळणार. वर्तुळाच्या रेषेला जितका चिकटून, तितका सूर सावकाश विरतो. पोल रेषेवर बसला तर तो विरतच नाही, आणि बाहेर गेला तर आवाज वाढत जाऊन स्पीकर किंवा कान, जे आधी हार मानेल ते मानतं.

या कागदावरचा कुठलाही बिंदू म्हणजे z, आणि z^(−D) म्हणजे D नमुने मागे वळून पाहणं. आपल्या ओळीचा फिल्टर असा लिहितात:

H(z) = 1 / (1 − g · z^(−D))

छेद शून्य होतो तिथे पोल, म्हणजे z^D = g. मोठा आकडा घेण्यापूर्वी हाताने काढता येईल असा घेऊ: D = ८, g = ०.५, आणि दर सेकंदाला ८००० नमुने. एखाद्या बिंदूचा आठवा घात घेतला की त्याचा कोन आठपट होतो आणि अंतराचा आठवा घात होतो. उत्तर ०.५ हवं, म्हणजे शून्य अंशावरचा एक साधा धन आकडा. म्हणून आठपट केलेला कोन फिरून फिरून पुन्हा शून्यावर यायला हवा. असे कोन आठच: ०, ४५, ९०, १३५, १८०, २२५, २७० आणि ३१५ अंश. अंतरही आठही बिंदूंना एकच: ०.५ चं आठवं मूळ, साधारण ०.९१७. म्हणजे एकक वर्तुळाच्या किंचित आत आणखी एक वर्तुळ आणि त्यावर समान अंतरावर आठ बिंदू. हर्ट्झमध्ये मोजले तर ०, १०००, २०००, ३००० आणि ४०००. उरलेले तीन खालचं प्रतिबिंब. वर पावलात पाऊल टाकणारे सूर शोधले होते, तेच इथे कोन म्हणून परत आले. वेगळं काही घडलेलं नाही.

गल्लीत हेच १३२३ पोल होतात. लगतच्या दोन पोलांमध्ये ४४,१०० भागिले १३२३, म्हणजे ३३.३ हर्ट्झ. केंद्रापासूनचं अंतर ०.७ चं १३२३ वं मूळ, म्हणजे ०.९९९७३. हा आकडा पाहून घाबरायला होतं, कारण रेषेला तो चिकटल्यासारखाच दिसतो. पण त्याचा अर्थ साधा आहे: दर नमुन्याला आवाज ०.९९९७३ पट होतो, आणि १३२३ नमुन्यांनंतर त्याचाच ०.७ झालेला असतो.

पोल समान अंतरावर आहेत याचा एक परिणाम कानाला लगेच कळतो. समान अंतरावरचे सूर म्हणजे एका षड्जाचे स्वयंभू स्वर. D लहान करत न्या, पोल विरळ होतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढतं. D = १०० केला की अंतर ४४१ हर्ट्झ होतं. g = ०.९८ ठेवून या फिल्टरमध्ये फक्त एक 'टक' सोडा, बाहेर तार छेडल्यासारखा सूर येतो, पेटीवरच्या मध्य सप्तकातल्या पांढरी सहाच्या अगदी जवळचा. त्यात सूर घातलेलाच नाही, तो फेरीच्या वेळेतून आला. g ला उणे चिन्ह दिलं की सगळे पोल अर्ध्या घराने सरकतात: २२०.५, ६६१.५, ११०२.५ असे. सूर एक सप्तक खाली जातो आणि पोकळ वाटतो. तंतुवाद्यांचे आवाज तयार करण्याची कार्प्लस आणि स्ट्राँग यांची १९८३ मधली पद्धत याच लूपवर उभी आहे, फक्त लूपमध्ये शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घेतलेली असते.

दुसरा परिणाम पोलांच्या अंतराचा. सगळे केंद्रापासून सारखेच दूर आहेत, म्हणून खर्ज आणि तार एकाच गतीने विरतात. खऱ्या सभागृहात असं होत नाही. तिथे पडदे, खुर्च्या, माणसांचे कपडे आणि स्वतः हवासुद्धा बारीक सूर आधी गिळतात. त्यामुळे साध्या कॉम्बचं शेपूट शेवटपर्यंत चकाकत राहतं.

आता समजा मिक्सरवाल्याला गल्ली नकोय, मोठ्या हॉलसारखं दोन सेकंदांचं घुमणं हवंय. D तोच ठेवला तर g किती? सूत्र असं:

g = 10^(−3 · D / (fs · T60))

fs म्हणजे नमुने घेण्याचा दर, T60 म्हणजे ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ. आकडे घातले की g = ०.९०२. आता दात्यांचं टोक १०.२ पट आणि मधली दरी ०.५३ पट, दोन्हींत जवळजवळ २६ डेसिबलचा फरक. घुमणं लांबलं, पण दातेही तितकेच टोकदार झाले. निवेदक बोलायला लागला की पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटतं, आणि ढोलकीची एक थाप तीस-चाळीस वेळा खडखडत राहते. एक पोल ० हर्ट्झवरही आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. माइकच्या सर्किटमधून येणारा बारीकसा स्थिर व्होल्टेज तो दहापट करतो. स्क्रीनवर लाट मधल्या रेषेच्या वर तरंगताना दिसली तर कारण बहुधा हेच असतं. लूपच्या आधी ० हर्ट्झ गाळून टाकला की काम झालं.

मग D बदलून पाहू, असं कोणालाही वाटेल. इथेच एका लूपची मर्यादा उघडी पडते. दर सेकंदाला येणारे इको म्हणजे fs भागिले D. दर हर्ट्झमागे असणारे दाते म्हणजे D भागिले fs. दोघांचा गुणाकार कायम १. D लहान केला की इको दाट होतात, खडखडाट जातो, पण दाते विरळ होऊन सूर घुमायला लागतो. D मोठा केला की दाते इतके दाट होतात की कान त्यांना वेगळं करू शकत नाही, पण इको सुटे सुटे ऐकू येतात. ३० मिलिसेकंद हा मधला मार्ग, आणि तिथे थोडा थोडा दोन्हीचा त्रास. खऱ्या खोलीत तर इको वेळेबरोबर दाट होत जातात. एका लूपमध्ये ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सेकंदाला तेहतीसच. g कितीही फिरवा, यात फरक पडत नाही, कारण g या गुणाकारात येतच नाही.

बेल लॅब्समधल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर उपाय दिला, तो अजून वापरात आहे. एक लूप पुरत नसेल तर चार समांतर लावा. समजा फेऱ्या ३०, ३७, ४१ आणि ४४ मिलिसेकंदांच्या. इको सेकंदाला ३३ + २७ + २४ + २३, एकूण १०७ च्या घरात. दातेही मिसळतात: चारही वेळांची बेरीज ०.१५२ सेकंद, म्हणजे साडेसहा हर्ट्झमागे एक पोल. एका लूपमध्ये एक गोष्ट वाढवली की दुसरी घटत होती, समांतर लावल्यावर दोन्ही वाढतात. मला या कल्पनेतला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

मात्र लांबी निवडताना चूक करणं सोपं आहे, आणि ती चूक वर्तुळावर लगेच दिसते. एका लूपला D = १२००, दुसऱ्याला १५०० दिला असं धरा. गोल आकडे, लिहायला सोयीचे. दोघांचा मसावि ३००. म्हणजे १२०० पोलांपैकी ३०० पोल दुसऱ्या लूपच्या पोलांच्या नेमक्या त्याच कोनात बसतात, दर १४७ हर्ट्झवर एक जोडी. तिथे दोघांचे दाते एकमेकांवर चढतात, आणि १४७ हर्ट्झचा सूर प्रत्येक शब्दामागे गुणगुणत राहतो. शिवाय दर ६००० नमुन्यांनी, म्हणजे १३६ मिलिसेकंदांनी, दोघांचे इको एकाच क्षणी पडतात आणि एक ठोका जाणवतो. आता १२०० ऐवजी १२०१ आणि १५०० ऐवजी १४९९ घ्या. दोन्ही मूळ संख्या, मसावि १. सामाईक कोन फक्त एक, ० अंशाचा. इको पुन्हा एकत्र पडायला चाळीस सेकंदांहून जास्त वेळ लागतो, तोवर आवाज केव्हाच विरलेला असतो. एका-एका नमुन्याचा फरक, पण कानाला स्वच्छ कळतो.

g मात्र चारही लूपना सारखा देऊ नये. सारखा दिला तर लांब फेरीचा लूप जास्त वेळ रेंगाळतो, आणि शेवटी तो एकटाच आपल्या दात्यांसह ऐकू येतो. वरच्या सूत्रात प्रत्येकाचा D घालून वेगळा g काढायचा. दोन सेकंदांसाठी ३० मिलिसेकंदांना ०.९०२ आला होता, ४४ ला तो ०.८५९ येतो.

१०७ इको अजून कमीच आहेत. टाळी गुळगुळीत विरायला सेकंदाला हजाराच्या आसपास लागतात. म्हणून श्रोडर यांनी चार कॉम्बच्या पाठोपाठ दोन ऑलपास जोडले, सुमारे ५ आणि १.७ मिलिसेकंदांचे. ऑलपासचे पोल कॉम्बसारखेच, वर्तुळाच्या आत समान अंतरावर. फक्त प्रत्येक पोलासमोर, त्याच कोनात, वर्तुळाबाहेर एक शून्य बसवलेलं असतं, म्हणजे फिल्टरचा छेद नाही तर अंश जिथे शून्य होतो असा बिंदू. आतलं अंतर ०.९ असेल तर बाहेरचं १/०.९. त्यामुळे लांब सुरावर दाते उरत नाहीत, पण येणारा प्रत्येक इको मात्र अनेक इकोंमध्ये फुटतो. तरी ऑलपास अगदी रंगहीन असतो असं कुणी म्हटलं तर एक 'टक' सोडून ऐका. तेवढ्या थोड्या वेळात कानाला पोलांचं घुमणं कळतंच, आलेख कितीही सपाट असो.

बारीक सूर आधी विरावेत यासाठी लूपच्या आतच एक सौम्य लोपास फिल्टर ठेवतात. जेम्स मूरर यांनी १९७९ मध्ये याचा पुरस्कार केला. मग पोल एका वर्तुळावर राहत नाहीत. उजवीकडचे, म्हणजे खर्जाचे, जागच्या जागी राहतात आणि डावीकडे जावं तसे केंद्राकडे ओढले जातात. शेपटाची चकाकी जाते.

शेवटी एक खोड, जी दशांश आकड्यांऐवजी पूर्णांकांवर चालणाऱ्या स्वस्त इको युनिटमध्ये सापडते. g = ०.९ आहे आणि प्रत्येक गुणाकार जवळच्या पूर्णांकात बदलला जातो. शेपूट विरत विरत एका नमुन्याची किंमत ५ वर आली. ५ गुणिले ०.९ म्हणजे ४.५, पूर्णांकात पुन्हा ५. पुढच्या फेरीत तेच. ४ चे ३.६ होतात आणि पुन्हा ४. म्हणजे ५ च्या खाली g चा परिणाम शून्य. कागदावर पोल आत आहेत, प्रत्यक्षात ते रेषेवर जाऊन बसले. मेमरीतल्या १३२३ घरांमध्ये जे काही उरलं ते दर ३० मिलिसेकंदांनी जसंच्या तसं फिरत राहतं. सोळा बिटांच्या आवाजात ही पातळी कमाल पातळीच्या ७६ डेसिबल खाली असते, त्यामुळे कार्यक्रम चालू असताना कुणाला कळत नाही. माइक बंद करून हेडफोनचा आवाज वाढवला की ३३ हर्ट्झची बारीक घरघर येते आणि मिनिटभर थांबलं तरी जात नाही. विजेच्या तारेतून येणारी गुणगुण ५० हर्ट्झच्या पटीत असते, त्यामुळे दोन्हींतला फरक स्पेक्ट्रमवर सहज ओळखता येतो. उपाय एकाच ओळीचा: जवळच्या पूर्णांकात नेण्याऐवजी दशांश भाग शून्याच्या दिशेने कापून टाकायचा. ५ चे ४ होतात, ४ चे ३, आणि सहाव्या फेरीपर्यंत मेमरी रिकामी असते.